नवी बॅटरी, जुना अंधार

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सबमिशन आटोपून मी आणि पश्या त्याच्या सेकंडहँड दीडशे सीसी गाडीवरून पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. निघताना हेडलाइट झक्क होता. खंबाटकीची चढण चढेपर्यंत तो पिवळा पडला. घाट उतरून सुरूरच्या अलीकडे आलो तेव्हा त्याची मेणबत्ती झाली होती. तेवढ्यात पश्याने कचकन ब्रेक मारला. पुढे दहा-बारा फुटांवर उसाची ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, काही नाही. दोघांनीही पुढची पाच मिनिटं एकमेकांशी बोलायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाले काका म्हणाले, "बॅटरी गेलीय बाळा, नवी टाक." पश्याने घरून पैसे मागवून नवी टाकली. तीन आठवड्यांत तीही उतरली. तेव्हा कुठे आम्हांला सुचलं, की आपण इंजिनिअरिंगला आहोत, निदान मल्टिमीटर तरी लावून बघू.

आधी गाडीत वीज येते कुठून ते सांगतो, कारण होस्टेलवर निम्म्या लोकांचा समज असा, की दिवा बॅटरीवर चालतो आणि बॅटरी आपोआप भरते. इंजिनच्या डाव्या कव्हरखाली क्रँकबरोबर फिरणारं लोहचुंबकाचं भांडं असतं आणि त्याच्या आत न हलणारी तांब्याची गुंडाळी. ती गुंडाळी म्हणजे स्टेटर. पश्याच्या गाडीत ती थ्री फेज आहे, म्हणजे बाहेर तीन पिवळ्या वायरी येतात. त्यांतला एसी प्रवाह सीटखालच्या पंख्यांच्या ॲल्युमिनियमच्या डबीत जातो. ही डबी म्हणजे रेग्युलेटर रेक्टिफायर, बोलताना आर-आर. ती एसीचा डीसी करते आणि बॅटरीला साधारण साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. (जुन्या शंभर सीसी गाड्यांत हेडलाइट थेट स्टेटरच्या एसीवर चालायचा. त्यांत सिग्नलला उभं राहिल्यावर दिवा मंद होणं हा बिघाड नाही, तो स्वभावच आहे.)

वर जाऊ देत नाही म्हणजे काय करते, ही गंमत मला मशीन्सचा पेपर देऊनही ठाऊक नव्हती. मला वाटायचं, गरज संपली की डबी स्टेटरला तोडून टाकत असेल. बहुतेक गाड्यांत उलटं असतं. बॅटरी भरली की आतले थायरिस्टर तिन्ही वायरी सरळ अर्थला जोडतात, म्हणजे चक्क शॉर्ट करतात. स्टेटर जळत नाही, कारण गुंडाळीची रिॲक्टन्स वेगाबरोबर वाढते आणि प्रवाह एका मर्यादेत राहतो. पण याचा अर्थ असा, की तुम्ही दिवा लावा नाहीतर विझवा, स्टेटरमधून जवळजवळ पूर्ण प्रवाह वाहतच असतो. तो गरम तेलात बसून रात्रंदिवस फुल लोडवर काम करतो. त्याच्या तारेवरचं वार्निश वर्षानुवर्षं भाजतं ते यामुळे.

आता आमचा तपास. सकाळी गाडी थंड असताना बॅटरीवर मीटर लावला. चाव्या बंद, १२.५ व्होल्ट. गाडी सुरू करून दिवा लावला आणि चार हजार आरपीएमला नेली, १४.१ व्होल्ट. चांगल्या गाडीत इथे साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. म्हणजे गाडी ठणठणीत! काकांनाही नेमकं हेच दिसलं असणार. चार्जिंग बरोबर, मग दोष बॅटरीचाच.

पण दिवा मंद व्हायचा तो वीस-पंचवीस मिनिटांनंतर. म्हणून रात्री जेवण झाल्यावर पश्याने अर्धा तास गाडी पळवली आणि पार्किंगमध्ये इंजिन बंद न करताच मी मीटर लावला. चार हजार आरपीएमला १२.२ व्होल्ट. सकाळपेक्षा जवळपास दोन व्होल्ट कमी.

दोन व्होल्टने काय बिघडतं असं वाटेल. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सम प्रमाणात घटत नाही, साधारण ३.४ व्या घाताने घटतो. साडेतेरा व्होल्टला शंभर टक्के उजेड धरला, तर बारा व्होल्टला तो सदुसष्ट टक्के राहतो आणि अकरा व्होल्टला जेमतेम निम्मा. शिवाय रंग पिवळा पडतो. सुरूरला आमची बॅटरी अकराच्या आसपास आली असावी. (ज्यांच्या गाडीला एलईडी हेडलाइट आहे त्यांनी खुश होऊ नये. त्यातलं सर्किट बऱ्याचदा उजेड कायम धरून ठेवतं आणि व्होल्टेज फारच पडलं की एकदम डोळे मिटतं. आधी सूचना मिळत नाही.)

बॅटरी का मेली हेही इथे समजतं. पस्तीस वॉटचा हेडलाइट, मागचा दिवा, इग्निशन, मीटरचे दिवे मिळून साठ वॉट धरले, तर बारा व्होल्टला पाच अँपिअर लागतात. गरम झाल्यावर स्टेटरकडून निम्मेच येत असतील, तर उरलेले अडीच बॅटरीतून जातात. पाच अँपिअर-अवरची बॅटरी दोन तासांत कोरडी. अशी चार-पाच वेळा रिकामी झाली की नवी बॅटरीही मान टाकते.

आता दोष स्टेटरचा की आर-आरचा? पहिल्यांदा कपलर बघितला. पिवळ्या वायरींचा कपलर तपकिरी झालेला किंवा वितळलेला असला तर बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. सैल पिन तापते, तापली की अजून सैल होते. आमचा स्वच्छ होता. मग गाडी गरम असतानाच कपलर सोडवला, इंजिन चार हजारला नेलं, मीटर एसीवर ठेवून वायरींच्या तिन्ही जोड्या तपासल्या: ४८, ४७, ४८ व्होल्ट. इथे आकडा गाडीगणिक बदलतो, पण तिन्ही जवळजवळ सारखे हवेत. सारखेच होते. मी ऐटीत निकाल दिला, "स्टेटर पास, आर-आर नापास."

सुदैवाने नवीन विकत घ्यायच्या आधी पश्याला तिसऱ्या मजल्यावरच्या एकाची हुबेहूब तीच गाडी आठवली. त्याला मेसच्या बाहेर ऑम्लेट कबूल करून दोन्ही डब्यांची अदलाबदल केली. त्याच्या गाडीवर आमची डबी अर्ध्या तासानंतरही १४.२ दाखवत होती. आमच्या गाडीवर त्याची चांगली डबी, तरी गरम झाल्यावर तेच १२.२. म्हणजे स्टेटर पास, आर-आरही पास, आणि गाडी नापास.

दुसऱ्या दिवशी मशीन्स लॅबच्या मामांना हे सांगितलं. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, "अर्थ बघितला का, गरम असताना?"

नव्हता बघितला. त्या रात्री पुन्हा अर्धा तास फिरून आलो, इंजिन बंद केलं, कपलर सोडवला आणि मीटरची एक पिन पिवळ्या वायरीला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावली. मीटर बीप वाजला. चार ओहम. तिथे काहीच दिसायला नको होतं, कारण या गुंडाळीचा गाडीच्या अंगाशी कुठेही संबंध नसतो. दीड तासाने इंजिन गार झाल्यावर तीच तपासणी केली. बीप गायब, सर्किट उघडं. तार कुठेतरी उघडी पडली होती आणि गरम होऊन सरकली की लोखंडाला टेकत होती.

मग एसीच्या तपासणीत हे का दिसलं नाही? इथेच माझी चूक होती. कपलर सोडवला की स्टेटर अधांतरी असतो. एका जागी तो अंगाला टेकला तरी प्रवाहाला परत यायला दुसरी वाट नाही, त्यामुळे वायरी-वायरींमधलं व्होल्टेज बदलत नाही. आर-आर जोडली की तिचे खालचे तीन डायोड अर्थला असतात. मग टेकलेल्या जागेतून निघालेला प्रवाह बॅटरीकडे न जाता अर्थमधून, दुसऱ्या फेजच्या डायोडमधून घरी परततो. बॅटरीला मिळायचा तो भाग गुंडाळी तापवण्यात खर्च होतो, आणि गुंडाळी तापली की वार्निश अजून जळतं.

म्हणजे स्टेटरचे आजार दोन आणि त्यांच्या तपासण्याही दोन. वेढे आपसांत शॉर्ट झाले तर एसी व्होल्टेजच्या तीन आकड्यांत एक-दोन कमी दिसतात. तो आजार ओहम मोजून सहसा सापडत नाही, कारण चांगल्या गुंडाळीचाच रेझिस्टन्स एक ओहमच्या आत असतो आणि आपल्या मीटरच्या वायरीच पाव-अर्धा ओहम खातात. अर्थला टेकलेली तार मात्र एसी मोजून सापडत नाही, ती बीपनेच सापडते, आणि तीही बऱ्याचदा गरम असतानाच. या दोन्हींत पास झाला तरच आर-आरवर बोट दाखवावं. तिची एक खूण वेगळी आहे. आतला थायरिस्टर शॉर्ट झाला तर व्होल्टेज पडतं आणि दिवा मंद होतो; पण तिचं नियंत्रण सुटलं तर व्होल्टेज पंधरा-सोळाच्या वर जातं, बल्ब पटापट उडतात, बॅटरी गरम होऊन फुगते. स्टेटर बिघडून व्होल्टेज कधीच वाढत नाही.

शेवटी काकांकडे जाऊन कव्हर उघडलं. तेल आधी काढून घ्यावं लागतं आणि गॅस्केट नवं लागतं. चुंबक कव्हर खेचून घेतो, बोटं सांभाळा. एका दांडीवरचं वार्निश कोळशासारखं काळं झालं होतं आणि कडेला तांबं चकाकत होतं. काका बराच वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी गार असताना बघितली मी. चुकलंच." त्यांनीच ओळखीच्या माणसाकडून त्याच गेजच्या तारेने, तेवढेच वेढे मोजून रिवाइंडिंग करून आणलं आणि स्वतःच्या मजुरीचे पैसे घेतले नाहीत.

आता अर्धा तास फिरवल्यावरही १४ व्होल्ट मिळतात. फेब्रुवारीत आम्ही पुन्हा रात्री साताऱ्याला गेलो. सुरूरच्या अलीकडे त्याच सुमारास एक ट्रॉली उभी होती, तशीच बिनदिव्याची. या वेळी ती आम्हांला लांबूनच दिसली. पश्याने गाडी हळू केली, बाजूने काढली, आणि ट्रॉलीवाल्याला दिवा लावायला सांगून आला.