फिकट अक्षरं आणि हरवलेल्या लिंका

डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर लावलेला तक्ता सगळ्यांच्या ओळखीचा असतो. वर मोठं अक्षर, खाली लहान लहान होत जाणाऱ्या ओळी. डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तो तयार केला. फारसा कुणाला माहीत नसलेला आणखी एक तक्ता आहे, १९८८ मधला पेली-रॉबसन तक्ता. त्यातली सगळी अक्षरं एकाच आकाराची, चांगली ठळक मोठी असतात. फक्त तीन-तीनच्या गटानं ती फिकट होत जातात. पहिली काळीकुळकुळीत, शेवटची पांढऱ्या कागदात जवळजवळ विरघळलेली. पहिला तक्ता बऱ्यापैकी वाचणारी माणसं या दुसऱ्या तक्त्यावर मध्येच अडतात. मोतीबिंदू सुरू झालेल्यांचं, काचबिंदू असलेल्यांचं असं होताना दिसतं. अक्षर लहान आहे ही त्यांची अडचण नसते. ते पार्श्वभूमीतून वर उठत नाही, ही असते.

मोबाइलवर किंवा संगणकावर मजकूर वाचताना हेच घडतं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं दिसायला नाजूक आणि आधुनिक वाटतात, म्हणून ती सर्रास वापरली जातात. अमेरिकेतली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं तपासते. २०२५ च्या तपासणीत त्यांपैकी ७९.१ टक्के पानांवर पुरेसा कॉन्ट्रास्ट नसलेला मजकूर सापडला. सर्वाधिक पानांवर आढळलेला दोष हाच होता.

पुरेसा म्हणजे किती? त्याचं गणित ठरलेलं आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढतात. काळ्यावर पांढरं म्हणजे २१:१, आणि दोन्ही रंग एकच असतील तर १:१. नेहमीच्या मजकुराला किमान ४.५:१ हवं, मोठ्या मथळ्याला ३:१ चालतं. ४.५ हा आकडा हवेतून आलेला नाही. निरोगी डोळ्यासाठी ३:१ पुरेसं धरलं जातं. ज्यांची दृष्टी ६/१२ पर्यंत उतरली आहे, म्हणजे इतरांना बारा मीटरवरून दिसतं ते वाचायला ज्यांना सहा मीटरवर यावं लागतं, त्यांची कमी झालेली क्षमता भरून काढण्यासाठी तो दीडपट केला. ऐंशीच्या आसपासच्या माणसांची दृष्टी साधारण एवढीच असते. ६/२४ दृष्टीसाठी हेच गणित ७:१ वर जातं, आणि तो नियमांतला वरचा दर्जा आहे.

भारतातल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची एक व्याख्या अशी आहे: योग्य चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ हून अधिक नसणं. म्हणजे कायद्याच्या भाषेतला अल्पदृष्टी वाचक ४.५ च्या हिशेबात बसतच नाही. मुख्य मजकुराला ७ गाठावेत, हे त्यामुळे व्यवहाराला धरून आहे.

आता एक पान डोळ्यांपुढे आणू. एखाद्या मराठी लेखाचं वेबपान. पांढरी पार्श्वभूमी, भगवा मथळा, राखाडी मजकूर, अधूनमधून निळ्या लिंका. बघायला प्रसन्न.

मथळ्याचा भगवा `#FF9933` आहे असं समजा. पांढऱ्यावर त्याचं गुणोत्तर भरतं २.१३. मथळा कितीही मोठा केला तरी ३ गाठत नाही. नुसत्या डोळ्यांनी हे पटत नाही, कारण भगवा आपल्याला भडक वाटतो. पण भडकपणा वेगळा आणि उजळपणा वेगळा. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून होतो, आणि आपल्या डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के असतो, लाल सुमारे २१, निळा जेमतेम ७. भगव्यात हिरवा भरपूर मिसळलेला असतो, म्हणून तो पांढऱ्याच्या जवळ जातो. पिवळा तर आणखी वाईट. रंग सोडायचा नसेल तर दोन वाटा आहेत. तोच भगवा मागे पट्टी म्हणून ठेवून त्यावर काळी अक्षरं घालावीत. गुणोत्तर एकदम ९.८६ वर जातं. नाहीतर भगवा गडद करत विटकरीकडे न्यावा: `#B34700` पांढऱ्यावर ५.५ देतो. भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरं मात्र नकोत. जोडी उलटी केली म्हणून २.१३ बदलत नाही.

राखाडीचं तसं सोपं. `#999999` ला २.८५ मिळतात, `#767676` काठावर पास होतो, आणि ७ गाठायचे तर `#595959` पर्यंत गडद व्हावं लागतं. एक गोम मात्र आहे. हे गणित रंगांचं आहे, अक्षराच्या जाडीचं नाही. बारीक वळणाचा फाँट घेतला की पडद्यावर रेषेच्या कडा मागच्या रंगात मिसळतात आणि गणितात पास झालेलं अक्षर प्रत्यक्षात फिकटच दिसतं. देवनागरीत क्ष, ज्ञ, द्ध यांच्या पोटातल्या बारीक रेषा आधी जातात.

खरी गंमत लिंकांमध्ये आहे. लिंकेखालची रेघ काढून टाकायची आणि नुसत्या रंगावर काम भागवायचं, ही अनेक वर्षांची फॅशन. नियम त्याला पूर्ण मनाई करत नाहीत, पण अट घालतात: लिंकेचा रंग पार्श्वभूमीपासून ४.५ पट वेगळा हवा, शिवाय शेजारच्या मजकुरापासून ३ पट. आता हिशेब करा. मजकूर `#333333` असेल तर पांढऱ्याशी त्याचं गुणोत्तर १२.६३. लिंकेचा रंग या दोघांच्या मध्ये बसवायचा. मजकुरापासून ३ पट दूर नेला तर पांढऱ्यापर्यंत उरतात १२.६३ भागिले ३, म्हणजे ४.२१. लागतात ४.५. रंगपेटीतला कुठलाही रंग घ्या, निळा, हिरवा, जांभळा, दोन्ही अटी एकदम पाळणारा सापडणार नाही. मजकूर अगदी काळा ठेवला तर एक चिंचोळी पट्टी मिळते, पण ब्राउझरचा मूळचा निळा `#0000EE` त्या पट्टीतही येत नाही; काळ्यापासून त्याचं अंतर फक्त २.२३ आहे. ज्या वाचकाला रंग धड ओळखू येत नाहीत त्याच्या लेखी ती निळी लिंक म्हणजे वाक्यातले आणखी चार काळे शब्द.

म्हणून रेघ हवीच. फक्त मराठीत ती जपून मारावी लागते. रोमन लिपीत ओळीखाली लोंबणारी अक्षरं मोजकी. आपल्याकडे उकार, ऊकार, ऋकार आणि पायमोडे अक्षर सगळे खालीच राहतात. रेघ अक्षराला चिकटली की ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला फरक नेमका तिच्यामागे दडतो. ब्राउझर अशा जागी रेघ आपोआप तोडतात, पण एकाच शब्दात दोन-तीन उकार आले की रेघेचे तुकडेच उरतात. उपाय म्हणजे रेघ थोडी खाली सरकवणं आणि तिची जाडी अक्षराच्या प्रमाणात ठेवणं:

```css
a {
  color: #1a4fa3;
  text-decoration: underline;
  text-underline-offset: 0.3em;
  text-decoration-thickness: 0.08em;
}
```

हा निळा पांढऱ्यावर सुमारे ७.८ देतो. रेघ खाली घेतली की ओळींमध्ये जागा वाढवावी लागते, नाहीतर ती पुढच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडते. ओळीची उंची अक्षराच्या १.७ पट ठेवली तर बहुतेक फाँटांना पुरते. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नये. इंग्रजीत त्याचा फायदा होतो. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा एकसंध आकार मोडतो.

अक्षराच्या आकाराबद्दल मोठा गैरसमज असा की आकडा मोठा ठेवला की झालं. ब्राउझरचा मूळ आकार १६ पिक्सेल. वर-खाली मात्रांसाठी जागा सोडावी लागत असल्यानं देवनागरी अक्षराचा गाभा त्याच आकड्यात रोमनपेक्षा लहान दिसतो, तेव्हा १८ ते २० पासून सुरुवात बरी. पण महत्त्वाचं हे की वाचकाला तो बदलता यावा. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘खूप मोठं’ निवडलेल्या वाचकाचा मूळ आकार २४ पिक्सेल होतो. आकार `18px` असा ठोकून दिला असेल तर त्याची निवड वाया जाते. `1.125rem` असा लिहिला तर इतरांना १८ आणि त्याला २७ पिक्सेल मिळतात. एका शब्दाचा फरक.

दोन बोटांनी पान ताणून मोठं करणं ही अल्पदृष्टी वाचकाची रोजची सवय, आणि ती अडवणारी ओळ अजूनही कित्येक तयार साच्यांमध्ये सापडते: `user-scalable=no`. आयफोननं २०१६ पासून तिच्याकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली. इतरत्र ती अजून त्रास देऊ शकते. सापडली की काढून टाकावी. मोठं केल्यावर मजकूर रुंदीत पुन्हा मावतो का, हेही बघावं. ४०० टक्क्यांवर प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावं लागलं तर माणूस दुसऱ्या परिच्छेदात वाचन सोडतो. चित्र म्हणून टाकलेल्या मजकुराला यातलं काहीच लागू होत नाही. कविता, आमंत्रणं, सुविचार आपल्याकडे हमखास असे टाकले जातात. त्यांचा रंग बदलत नाही आणि मोठं केलं की अक्षरं फुटतात.

सगळ्यांना एकच मांडणी मानवेल असंही नाही. मोतीबिंदूत पांढऱ्या पडद्याचा झगमगाट सहन होत नाही, त्यामुळे अनेकजण काळ्यावर पांढरं वाचतात. काळ्या पार्श्वभूमीची सोय देणार असाल तर लिंका विसरू नका, गडद निळा तिथे बुडतो. आणि मजकुराचा रंग ठरवला की पार्श्वभूमीचाही ठरवावा. एकच ठरवून दुसरा वाचकाच्या ब्राउझरवर सोडला तर त्याच्या काळ्या पडद्यावर काळी अक्षरं उमटण्याची शक्यता उरते.

तपासायला पैसे लागत नाहीत. क्रोममध्ये मजकुरावर उजवी क्लिक करून तपासणीचा पर्याय उघडला आणि रंगाच्या चौकोनावर टिचकी मारली की गुणोत्तर आणि पास-नापास दोन्ही समोर येतात. त्याहून सोपी चाचणी फोनवर करता येते. सेटिंगमध्ये रंग बंद करून पडदा कृष्णधवल करा, स्वतःचं पान उघडा आणि त्यातल्या लिंका मोजा. टाकल्या होत्या त्यापेक्षा कमी सापडल्या तर रेघ परत आणा.