एकाच इंजिनाला दोन तोंडं का?

१८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी लालबागला कुलपांचा कारखाना काढला. त्या उद्योगाचा पसारा पुढे विक्रोळीला गेला आणि तिथे आज इस्रोची ‘विकास’ इंजिनं तयार होतात. हे इंजिन पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात असतं आणि जीएसएलव्हीच्या बाजूला लावलेल्या चार बूस्टरांतही असतं. मात्र दोन्ही ठिकाणी त्याचं नॉझल सारखं नसतं. बूस्टरच्या नॉझलचं तोंड जेमतेम एक मीटर व्यासाचं, तर पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातलं सुमारे १.७ मीटरचं. आत जळणारं इंधन तेच असताना तोंड वेगळं का?

यासाठी इंजिनाच्या आतल्या ज्वाळांचा हिशेब करावा लागत नाही. अभियंते संपूर्ण टप्प्याभोवती एक काल्पनिक पेटी कल्पितात, तिला कंट्रोल व्हॉल्यूम म्हणतात. पेटीची एक बाजू नेमकी नॉझलच्या तोंडावर ठेवायची आणि फक्त पेटीच्या सीमेवर काय घडतं ते पाहायचं. सीमेवर दोनच गोष्टी घडतात. एक, तोंडातून वायू वेगाने बाहेर पडतो आणि आपल्याबरोबर संवेग घेऊन जातो. दुसरी, हवा पेटीला सर्व बाजूंनी दाबते. समोरासमोरच्या बाजूंवरचे हे दाब एकमेकांना रद्द करतात, पण तोंडावर हवेऐवजी वायूचा स्वतःचा दाब असतो. तेवढ्या क्षेत्रापुरता हिशेब तिरपा होतो. म्हणून इंजिनाचा रेटा, म्हणजे थ्रस्ट, असा निघतो:

रेटा = (दर सेकंदाला बाहेर पडणारं वस्तुमान × वेग) + (तोंडाशी वायूचा दाब − बाहेरच्या हवेचा दाब) × तोंडाचं क्षेत्रफळ

रॉकेट मागच्या हवेला ढकलून पुढे जातं, हा समज इथेच गळून पडतो. या सूत्रात हवा आहे, पण वजा चिन्हासह.

आता पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्याचे ढोबळ आकडे घालू. सेकंदाला सुमारे २७५ किलो वायू साधारण २,७५० मीटर प्रतिसेकंद वेगाने बाहेर पडतो. त्याचे झाले ७५६ किलोन्यूटन. तोंडाचं क्षेत्रफळ २.२७ चौरस मीटर आणि तिथला दाब साधारण १९ किलोपास्कल, म्हणून आणखी ४३. हा टप्पा पेटतो तेव्हा यान सुमारे ७० किलोमीटर उंचीवर असतं. तिथे हवेचा दाब नगण्य, त्यामुळे वजा काहीच होत नाही आणि रेटा ८०० किलोन्यूटनच्या आसपास मिळतो. सुमारे ८० टन वजन पेलण्याइतकी ही ताकद आहे.

हेच इंजिन गिरगाव चौपाटीवर पेटवलं असं समजा. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल. २.२७ ने गुणले की २३० किलोन्यूटन वजा होतात आणि हाती ५७० उरतात. प्रत्यक्षात हा आकडाही टिकणार नाही. तोंडाशी वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम पाचवा हिस्सा आहे. दाब साधारण ४० टक्क्यांच्या खाली गेला की वायू नॉझलच्या भिंतीला धरून राहत नाही, आतच सुटतो आणि बाहेरची हवा कडेने आत शिरते. तोंडाशी सगळीकडे एकच दाब आहे, हे आपलं गृहीतक तिथे मोडतं. शिवाय वायू सगळ्या बाजूंनी एकाच जागी सुटत नाही. परिणामी नॉझलला आडवे हिसके बसतात, आणि खरा धोका तोच. चाचणी-मंचावर ते भारमापकांत आणि कंपनाच्या नोंदीत लगेच दिसतात.

मग तोंडाशी दाब जास्तच ठेवला तर? सूत्र वरवर पाहिलं तर रेटा वाढेल असं वाटतं, कारण कंसातली किंमत वाढते. पण दाब जास्त ठेवायचा म्हणजे नॉझल आखूड करायचं, आणि मग वायूचा वेग घटतो. नॉझलच्या टोकाला आणखी एक कडं जोडण्याची कल्पना करा. पसरत जाणाऱ्या भिंतीवर आतला वायू पुढे रेटतो, बाहेरची हवा मागे. आतला दाब जास्त असेल तोवर प्रत्येक कडं फायद्याचं. दोन्ही दाब समान झाले की थांबायचं, कारण त्यापुढचं कडं रेटा कमी करतं. त्या उंचीसाठी सर्वांत चांगलं नॉझल हेच.

उंची मात्र क्षणोक्षणी बदलते आणि नॉझल बदलत नाही. जीएसएलव्हीचे बूस्टर जमिनीवरच पेटतात, म्हणून त्यांना आखूड नॉझल. त्याच्या तोंडाशी दाब ६० किलोपास्कलच्या घरात असतो. तो हवेपेक्षा कमी आहे, पण वायू सुटण्याइतका कमी नाही. जमिनीवर सुमारे ६८० किलोन्यूटन देणारं हे इंजिन निर्वातात सुमारे ७५८ देतं. हा ७८ चा फरक म्हणजे पाऊण चौरस मीटर तोंडावरून हटलेला हवेचा दाब. मोठं नॉझल असतं तर वर ८०० मिळाले असते. वरचे हे चाळीसेक किलोन्यूटन अभियंते जाणूनबुजून सोडतात, कारण त्याशिवाय जमिनीवरून उडणं सुरक्षित नाही.