इतिवृत्त लेखन : प्रभाग समितीची सभा, गटार आणि पथदिवे



आज आपण इतिवृत्त लेखन पाहणार आहोत. पण सुरुवात नमुन्याने न करता एका वाक्याने करूया.

"सदर विषयावर चर्चा झाली. संबंधित विभागाने योग्य ती कार्यवाही करावी असे ठरले."

आमच्या शाळेच्या मागच्या रस्त्यावरचं गटार दर पावसाळ्यात तुंबायचं. मुलं घोटाभर काळ्या पाण्यातून यायची. पालकांनी सह्या करून अर्ज दिला, विषय प्रभाग समितीच्या सभेत आला, चर्चाही झाली. नंतर इतिवृत्ताची प्रत हातात आली, तर त्यात एवढंच लिहिलेलं. मलनिःसारण विभाग म्हणाला, हे पावसाळी गटार आहे, आमचं नाही. दुसरा विभाग म्हणाला, यात सांडपाणी वाहतंय, म्हणजे आमचं नाही. दोघांकडेही तेच इतिवृत्त होतं आणि "संबंधित विभाग" म्हणजे समोरचा, असं दोघांनाही म्हणता येत होतं. पावसाळा निघून गेला.

सभा झाली, निर्णयही झाला; पण तो कागदावर असा उतरला की कुणालाच लागू होईना. म्हणून मला वाटतं, हा लेखनप्रकार शिकवताना फक्त मांडणी पाठ करून घेऊन भागत नाही.

प्रभाग समिती म्हणजे कोण?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांत या समितीवर त्या भागातले नगरसेवक, त्या कार्यालयाचा प्रमुख अधिकारी आणि काही स्वयंसेवी संस्थांचे नामनिर्देशित प्रतिनिधी असतात. पाणी, गटारं, स्वच्छता अशा रोजच्या तक्रारी लवकर सोडवणं हे तिचं एक मुख्य काम. वेगवेगळ्या विभागांचे अभियंते सभेला बोलावले जातात, त्यामुळे प्रश्न विचारणारे आणि काम करणारे एका खोलीत येतात. त्या खोलीत काय ठरलं, याचा अधिकृत कागद म्हणजे इतिवृत्त.

अहवाल वेगळा, इतिवृत्त वेगळं

मुलं इथे हमखास गोंधळतात. अहवालात कार्यक्रम कसा झाला ते सांगतो. इतिवृत्तात काय ठरलं ते नोंदवतो. त्यामुळे "सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली" हे वाक्य इतिवृत्तात नको. कोण चिडलं, कोणी टेबलावर हात आपटला, तेही नको. चर्चेतून तेवढंच घ्यायचं ज्यामुळे निर्णय समजतो. भाषा तृतीयपुरुषी आणि भूतकाळी ठेवायची : "असे ठरले", "सूचना देण्यात आली".

आणि प्रत्येक निर्णयाला चार प्रश्न विचारायचे : नेमकं कुठे? काय करायचं? कोणी? कधीपर्यंत? एकाचंही उत्तर मिळालं नाही तर ते वाक्य अपुरं.

गटार म्हणजे नेमकं कोणतं?

बोलताना आपण सगळ्यालाच गटार म्हणतो. इतिवृत्तात तसं चालत नाही. पावसाचं पाणी नाल्याकडे नेणारं ते पावसाळी गटार. संडास-मोरीचं पाणी नेणारी, जमिनीखालची, चेंबर असलेली ती मलवाहिनी. बहुतेक मोठ्या शहरांत दोन्हींची देखभाल वेगवेगळ्या लोकांकडे असते.

ओळखायचं कसं? पावसाळी गटार उन्हाळ्यात कोरडं असायला हवं. एप्रिल-मे महिन्यात त्यात फेसाळ किंवा काळं पाणी वाहत असेल, तर कुठूनतरी सांडपाणी त्यात सोडलेलं आहे. मग नुसता गाळ काढून उपयोग नाही, ती जोडणीही शोधावी लागते. म्हणजे एका तक्रारीतून दोन कामं निघतात, दोन विभागांची. आमच्या शाळेमागे हेच होतं आणि इतिवृत्तात दोन्ही कामं एका वाक्यात बुडाली.

मलवाहिनी तुंबली असेल तर ओळीने चेंबर पाहतात. एक काठोकाठ भरलेलं आणि प्रवाहाच्या दिशेने त्यापुढचं जवळजवळ कोरडं, तर अडथळा त्या दोघांच्या मधे आहे. "अमुक दुकानासमोरच्या चेंबरपासून पुढच्या चेंबरपर्यंत" असं लिहिलं की जेटिंगची गाडी नेमक्या जागी जाते. इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. इतिवृत्तात "चेंबर साफ करावे" एवढंच न लिहिता "यंत्राने साफ करावे" असं लिहावं. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार पुरेशा सुरक्षा साधनांशिवाय माणसाला मलवाहिनीत उतरवता येत नाही. आत साठलेल्या विषारी वायूने माणसं दगावतात.

गाळाचंही तसंच. काढलेला गाळ काठावर वाळत ठेवतात आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर तो परत गटारात जातो. म्हणून "गाळ काढणे" आणि "गाळ उचलून नेणे" या दोन नोंदी हव्यात.

दिवा एक बंद की ओळ बंद?

"परिसरातील पथदिवे बंद आहेत" ही नोंदही अशीच अपुरी. एकच दिवा बंद असेल तर बहुधा तो दिवाच किंवा त्याचा जोड बिघडलेला असतो. ओळीने सगळे बंद असतील तर बिघाड केबलमध्ये किंवा दिव्यांना वीजपुरवठा करणाऱ्या पेटीत असण्याची शक्यता जास्त. आणि भर दुपारी जळत असतील तर वेळ लावायचं यंत्र किंवा उजेड ओळखणारा सेन्सर बिघडला असणार. तिन्हीचं काम वेगळं, येणारा माणूस वेगळा.

म्हणून खांबाचा क्रमांक लिहायचा. तो बहुतेक खांबांवर रंगवलेला असतो. नसेल तर घर, दुकान, वळण अशी खूण द्यायची. बऱ्याच ठिकाणी दिवा पालिकेचा आणि खांब वीज कंपनीचा असतो, तेही एकदा विचारून नोंदवलं की टोलवाटोलवी टळते. काही वेळा दिवा नीट चालू असतो, पण झाडाच्या फांद्यांनी उजेड अडतो. मग ते काम उद्यान विभागाचं. मुली संध्याकाळी क्लासहून ज्या रस्त्याने परततात, तो अंधारा का आहे हे आधी पाहिल्याशिवाय निर्णय नीट लिहिताच येत नाही.

नमुना

खालचा नमुना वर्गासाठी तयार केला आहे, ठिकाणं काल्पनिक आहेत.

> प्रभाग समितीची मासिक सभा दि. १५ मे रोजी सकाळी ११ वाजता प्रभाग कार्यालयाच्या सभागृहात मा. सभापतींच्या अध्यक्षतेखाली झाली. उपस्थिती सोबत जोडली आहे. गणपूर्ती असल्याने कामकाज सुरू करण्यात आले.
>
> विषय १ : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.
>
> विषय २ : शाळेमागील रस्त्यावरील पावसाळी गटार. पाऊस नसतानाही गटारात सांडपाणी वाहत असल्याचे सदस्यांनी निदर्शनास आणले. असे ठरले की,
> (अ) शाळेचे मागील फाटक ते बाजार चौक या भागातील गाळ २५ मेपर्यंत काढावा व काढल्यापासून ४८ तासांत उचलावा. जबाबदारी : कनिष्ठ अभियंता, पर्जन्यजल.
> (ब) गटारात सोडलेल्या सांडपाण्याच्या जोडण्या शोधून त्यांची यादी पुढील सभेत ठेवावी. जबाबदारी : कनिष्ठ अभियंता, मलनिःसारण.
>
> विषय ३ : बाजार चौक ते बसथांबा रस्त्यावरील पथदिवे. खांब क्र. १४ ते १९ हे सलग सहा दिवे बंद आहेत. असे ठरले की, केबल व पुरवठा पेटी तपासून २० मेपर्यंत दिवे सुरू करावेत व रात्री पाहणी करून तसे कळवावे. जबाबदारी : कनिष्ठ अभियंता, विद्युत.
>
> विषय ४ : बसथांब्याजवळ नवीन गटाराची मागणी. असे ठरले की, जागेची पाहणी करून अंदाजपत्रक पुढील सभेत सादर करावे. जबाबदारी : उपअभियंता, स्थापत्य.
>
> आभार मानून सभा संपली.

विषय ४ मुलांना थांबून दाखवा. "नवीन गटार बांधावे" असं लिहिणं सोपं होतं. पण पैशांची तरतूद नसताना तसं लिहिलं तर ते इतिवृत्तातच राहतं. आज खरोखर जेवढं ठरलं तेवढंच लिहायचं, म्हणजे पुढच्या सभेत त्याचा हिशेब मागता येतो.

विषय ३ मधली रात्रीच्या पाहणीची अटही महत्त्वाची. दुपारी दुरुस्ती करून "काम पूर्ण" असा शेरा मारला जातो आणि संध्याकाळी दिवा लागतच नाही. गटाराचं तर खरं उत्तर पहिला मोठा पाऊसच देतो.

"कायम केले" म्हणजे काम झाले?

नाही. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करतात, तेव्हा फक्त "नोंद बरोबर आहे" एवढंच मान्य होतं. चुकीचा खांब क्रमांक लिहिला असेल तर तो दुरुस्त करायची वेळ हीच. काम झालं का, हे पाहण्यासाठी मागील निर्णयांवरील कार्यवाहीचा अहवाल हा वेगळा विषय विषयपत्रिकेत असावा लागतो. तिथे प्रत्येक निर्णयापुढे झाले, सुरू आहे, झाले नाही आणि का, एवढं आलं पाहिजे. हा विषयच नसेल तर दर महिन्याला तीच तक्रार नव्याने मांडली जाते. लागोपाठ तीन सभांची इतिवृत्तं शेजारी ठेवलीत तर हे लगेच दिसतं.

पालकहो, ही इतिवृत्तं तुम्हाला मागता येतात. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार कोणत्या समित्यांची इतिवृत्तं लोकांना पाहता येतात, हे कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचं असतं. जाहीर केलेलं नसेल तर साधा अर्ज करून प्रत मागता येते.

वर्गात काय करता येईल?

मुलांना घर ते शाळा या वाटेवरचा एक बंद दिवा किंवा तुंबलेलं गटार पाहून यायला सांगा. पाहणी मोठ्यांसोबत आणि लांबूनच. चेंबरच्या झाकणाला कुणीही हात लावायचा नाही. मग वर्गात छोटी सभा घ्या, दोघांना इतिवृत्त लिहू द्या. नंतर सभेला नसलेल्या एका मुलाला ते वाचायला द्या आणि विचारा, "उद्या सकाळी कोणी, कुठे जायचं?"

त्याला सांगता आलं तर इतिवृत्त जमलं. तो म्हणाला "संबंधित विभागाने", तर वही परत द्या.