पोट हललं का?

मोती सात वर्षांचा लॅब्रॅडोर. माझ्याकडे आणला तेव्हा काट्यावर साडेचोवीस किलो भरला. सहा महिन्यांपूर्वी लसीला आला होता तेव्हा एकतीस होता. पाठीवरून हात फिरवला की मणका न् मणका लागत होता आणि तरी तो माझ्या खिशाचा वास घेत होता, म्हणजे भूक शाबूत होती. काका म्हणाले, "डॉक्टर, पाच आठवडे झाले, खाल्लेलं सगळं ओकतोय. उलटी थांबायची इंजेक्शनं झाली, पित्ताच्या गोळ्या झाल्या, काही फरक नाही."

मी त्यांना एकच विचारलं, "ओकताना पोट हलतं का हो त्याचं?"

काका गप्प झाले. त्यांच्या सुनेनं मात्र मोबाइल काढला आणि आदल्या दिवशीचा व्हिडिओ दाखवला. मोती अंगणात उभा आहे. मान खाली घालतो, तोंड उघडतो आणि भात-चिकनचा एक लांबट गोळा फेसासकट फरशीवर पडतो. आवाज नाही, ओकारी नाही, पोटाचा स्नायू हलत नाही. पुढच्याच क्षणी तो ते परत खायला लागतो. अर्ध्या मिनिटाच्या त्या व्हिडिओनं पाच आठवड्यांच्या औषधांचा गुंता सोडवला. ती उलटी नव्हतीच.

उलटी हे पोटाचं काम आहे. कुत्रा आधी अस्वस्थ होतो, ओठ चाटतो, लाळ गाळतो, वारंवार गिळतो. मग पोट आणि बरगड्या आत-बाहेर खेचल्या जातात, दोन-चार वेळा ओकारीचा आवाज होतो आणि मग अन्न बाहेर पडतं, बहुधा अर्धवट पचलेलं. त्यात पिवळं पित्त दिसलं, तर ते पोटातून किंवा त्याच्याही पुढून आलेलं आहे हे नक्की. गिळलेलं नुसतं परत येणं, ज्याला आम्ही रिगर्जिटेशन म्हणतो, त्यात पोटाचा संबंधच नसतो. घास अन्ननलिकेतच अडकून राहिलेला असतो आणि मान खाली गेली की बाटली कलंडावी तसा बाहेर येतो. तो न पचलेला, चिकट लाळेत माखलेला, कधी नळीच्या आकाराचा असतो. जेवण झाल्याबरोबर आला तर लोकांना शंका येते. पण रुंदावलेल्या नळीत अन्न तासन् तास पडून राहू शकतं, त्यामुळे वेळेवरून निदान करू नये. पोट हललं की नाही, हेच पाहावं.

हा फरक कळला नाही, तर औषधंच चुकतात. उलटी थांबवणारी औषधं मेंदूवर आणि पोटावर काम करतात. मोतीचा दोष होता अन्ननलिकेत.

निरोगी कुत्र्याची अन्ननलिका घास पुढे ढकलते. स्नायूंची एक लाट घशापासून निघते आणि घासाला पोटापर्यंत नेऊन पोचवते. माणसाच्या अन्ननलिकेत खालच्या भागाचे स्नायू वेगळ्या जातीचे असतात. कुत्र्याची मात्र पूर्ण लांबी हातापायांच्या स्नायूंसारख्या, आडव्या रेषांच्या स्नायूंची बनलेली आहे. मेगाइसोफॅगसमध्ये ही लाट क्षीण होते किंवा बंद पडते. नळी सैल पडते, ताणत जाते आणि शेवटी नुसती पिशवी होऊन राहते. पोटाला गती देणारी नेहमीची औषधं या स्नायूंना हलवू शकत नाहीत, त्यामुळे ती इथे सहसा उपयोगी पडत नाहीत. काकांना हे सांगणं मला जड गेलं, कारण ते गोळीच्या आशेनं आले होते.

मोतीला ताप होता, १०३.६ फॅरनहाइट. सून म्हणाली, रात्री खोकतोही. तेव्हा एक्स-रे त्याच दिवशी हवा होता आणि तोही भूल न देता. भुलीच्या औषधांनी निरोगी कुत्र्याची अन्ननलिकासुद्धा ढिली होऊन हवेनं फुगते आणि नसलेला आजार फिल्मवर दिसू लागतो. धापा टाकणारा, घाबरून हवा गिळणारा कुत्राही थोडी हवा दाखवतो. म्हणून मोतीला आधी अर्धा तास शांत बसू दिलं आणि मग दोन फिल्म काढल्या, एक कुशीवर झोपवून आणि एक छातीवर बसवून.

एक्स-रेवर हवा काळी दिसते, हाडं पांढरी आणि मांस करडं. निरोगी कुत्र्याच्या फिल्मवर अन्ननलिका बहुतेक वेळा दिसतच नाही, कारण ती मिटलेली असते आणि शेजारच्या करड्या भागात मिसळून जाते. मोतीच्या कुशीवरच्या फिल्मवर ती मानेपासून श्वासपटलापर्यंत दिसली. हृदयाच्या मागे दोन बारीक पांढऱ्या रेषा होत्या, मध्ये काळी हवा, आणि श्वासपटलाजवळ त्या रेषा नरसाळ्यासारख्या जवळ येत होत्या. त्या रेषा म्हणजे ताणलेल्या अन्ननलिकेच्या भिंती. छातीच्या पुढच्या भागात श्वासनलिका खाली दाबली गेली होती आणि तिची वरची कड एरवीपेक्षा जाड, पट्टीसारखी दिसत होती. श्वासनलिकेची भिंत आणि तिला टेकलेली अन्ननलिकेची भिंत यांच्या दोन्ही बाजूंना हवा आली, की त्या दोघींची मिळून ही पट्टी तयार होते. शिकाऊ डॉक्टरांना मी सगळ्यात आधी ही पट्टी शोधायला सांगतो.

फिल्मवर आणखीही एक गोष्ट होती. उजव्या फुप्फुसाचा मधला खंड पांढुरका झाला होता आणि त्या पांढरेपणात श्वासवाहिन्यांच्या काळ्या फांद्या उठून दिसत होत्या. परत आलेलं अन्न श्वासात जाऊन न्यूमोनिया झाला, की तो बहुतेक वेळा इथेच, छातीच्या खालच्या बाजूला दिसतो. या आजारात कुत्री जातात ती मुख्यतः या न्यूमोनियानं.

बेरियम पाजून फिल्म काढायची का, असं माझ्या सहायकानं विचारलं. साध्या फिल्मवर निदान स्पष्ट होतं आणि बेरियमही तसंच परत येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका होता, म्हणून नाही म्हटलं. नळीत हवेऐवजी पाणी किंवा अन्न भरलं असेल, तर मात्र साधी फिल्म फसवू शकते, कारण मग सगळंच करडं दिसतं. पिल्लाच्या फिल्मवर नळी फक्त हृदयाच्या पुढेच फुगलेली असेल, तर तिथे रक्तवाहिनीचा जन्मजात फास बसलेला असू शकतो आणि त्यावर शस्त्रक्रिया आहे. आपल्याकडे आणखी एक गोष्ट शोधावी लागते. शेणातले किडे खाणाऱ्या कुत्र्यांना स्पायरोसर्का नावाचा जंत होतो आणि तो अन्ननलिकेच्या शेवटच्या भागात गाठी करतो. मोतीच्या फिल्मवर गाठ नव्हती.

मग कारण काय? मोठ्या वयात हा आजार झाला, तर मायस्थेनिया ग्रेव्हिस आधी शोधावा, कारण त्याला औषध आहे. त्यात नस आणि स्नायू यांच्यामधला संदेश अडतो आणि कधी कधी फक्त अन्ननलिकाच दुबळी होते, पाय ठणठणीत राहतात. रक्तातल्या अँटिबॉडीवरून तो ओळखता येतो. अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावली तरी असं होतं आणि तेही बरं करता येतं. मोतीचे दोन्ही अहवाल निर्दोष आले. बऱ्याच कुत्र्यांत कारण सापडत नाही, तसं त्याचंही सापडलं नाही. न्यूमोनियाची अँटिबायोटिकं सुरू झाली, पहिले काही दिवस शिरेतून. अशा नळीत गोळी अडकून राहते आणि काही गोळ्या अडकल्या जागी भिंत भाजतात.

खरा उपचार जेवणाच्या जागी होता. लाट बंद पडली असेल, तर अन्न खाली नेणारं एकच बळ उरतं, गुरुत्वाकर्षण. काकांनी भांडं स्टुलावर ठेवून पाहिलं होतं. पुष्कळ लोक तेच करतात आणि फसतात. भांडं उंच केलं तरी मानच वर होते. छाती जमिनीला समांतरच राहते आणि छातीतली नळीही आडवीच राहते. कुत्र्याचं धड उभं झालं पाहिजे.

त्यासाठी बेली चेअर नावाची खुर्ची आहे. अमेरिकेतल्या एका कुटुंबानं आपल्या बेली नावाच्या कुत्र्यासाठी ती केली आणि तिची कृती इतरांना दिली. मोतीची खुर्ची गावातल्या सुतारानं प्लायवूडमध्ये केली. मापं साधी घेतली. ढुंगण टेकून बसल्यावर शेपटीच्या मुळापासून घशापर्यंतची उंची घेतली आणि रुंदी इतकीच ठेवली की त्याला आत वळता येणार नाही. पाठीला फळी, समोर पुढचे पाय टेकायला आडवी पट्टी, वरून मान बाहेर. पहिले चार दिवस त्यात नुसता खाऊ दिला, जेवण नाही. पाचव्या दिवसापासून तो स्वतःहून चढायला लागला. जेवून झाल्यावर २० ते ३० मिनिटं त्यातच बसवायचं, त्याआधी उतरवायचं नाही. लहान कुत्र्याला बाळाची ढेकर काढताना धरतो तसं खांद्याशी उभं धरलं तरी चालतं.

मोतीचं दिवसाचं जेवण मी ११०० किलोकॅलरी ठरवलं. त्याच्या खाद्यात १०० ग्रॅमला ३५० किलोकॅलरी होत्या, म्हणजे दिवसाला साधारण ३१५ ग्रॅम, चार वेळांत वाटून. प्रश्न होता कसं द्यायचं हा. पातळ पेज सोपी जाईल असं सगळ्यांनाच वाटतं. पण मोतीच्या पेजेचा काही भाग परत यायचा आणि त्यामागोमाग खोकला. खाद्य भिजवून, मळून लिंबाएवढे गोळे केले, तेव्हा ते खाली गेले. दुसऱ्या कुत्र्यात नेमकं उलटं होऊ शकतं. म्हणून एक प्रकार तीन-चार दिवस द्यायचा, वहीत नोंदायचं आणि मगच बदलायचा. पाण्याचीही तीच गत, साधं पाणी सगळ्यात आधी परत येतं. सुनेनं जिलेटीनमध्ये पाणी घट्ट करून त्याच्या वड्या पाडल्या आणि त्याही खुर्चीतच दिल्या. अंगणातली बादली उचलली, फिरायला जाताना जाळीचं मुसकं बांधलं.

अकरा आठवड्यांनी मोती २८ किलो झाला. दिवसातून पाच-सहा वेळा परत येणारं अन्न आठवड्यातून एखाद्या वेळी येऊ लागलं. मध्ये श्रावणात घरी पूजा होती, त्यानं पंगतीतलं काहीबाही उचललं आणि पुन्हा न्यूमोनिया झाला. त्यातून उठला. नळी मात्र सैल आहे ती आहेच, आणि खुर्ची आता आयुष्यभराची, हे मी काकांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. सून रोज रात्री तो झोपल्यावर मिनिटभर त्याचा श्वास मोजते. तिशीच्या वर गेला, की सकाळची वाट न पाहता फोन करते.

तुमचा कुत्रा खाल्लेलं टाकत असेल, तर फरशी पुसायच्या आधी मोबाइल हातात घ्या. डोकं नको, पोट दिसेल असा बाजूनं व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना तोच आधी दाखवा.