न झालेलं प्रशिक्षण, न आलेला माल आणि अडकलेली अनामत

फ्रँचायझीच्या व्यवसायासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. पैसे भरले, दुकान थाटलं आणि कंपनीने शिकवायला माणूसच पाठवला नाही, तर दाद मागायची ती 1872 च्या करार कायद्याच्या आधारे. सुदैवाने हा जुना कायदा अशा प्रसंगी बराच कामाचा आहे. मात्र त्याचा उपयोग होणार की नाही, हे बहुतेक वेळा भांडण सुरू होण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत आपण काय केलं यावर ठरतं.

समजा, साताऱ्यातल्या एका तरुणाने चहाच्या एका कंपनीची फ्रँचायझी घेतली. तीन लाख रुपये फी आणि दोन लाख रुपये अनामत भरली. दुकान उघडण्याआधी त्याला आणि एका कामगाराला सात दिवस प्रशिक्षण मिळेल, मागणी नोंदवल्यावर तीन दिवसांत चहा पावडर, मसाला आणि कप पोहोचतील, असं कंपनीने करारात लिहून दिलं. त्याने कबूल केलं की बाहेरचा माल वापरणार नाही आणि महिन्याच्या विक्रीवर रॉयल्टी देईन. प्रत्यक्षात प्रशिक्षण म्हणून मोबाईलवर दोन व्हिडिओ आले. पहिला माल अठरा दिवसांनी आला, तोही निम्मा. दुकानाचं भाडं महिना वीस हजार. गिऱ्हाईक परत जाऊ लागलं तसा त्याने बाजारातून चहा पावडर आणली. चार महिन्यांनी कंटाळून दुकान बंद केलं आणि अनामत मागितली. कंपनीचं उत्तर आलं: मुदतीआधी दुकान बंद केलंत, बाहेरचा माल वापरलात, त्यामुळे अनामत जप्त.

अशा तक्रारीत वकील आधी पावत्या बघतो. पाच लाखांपैकी फी किती आणि अनामत किती, हे कागदावर वेगळं दिसतं का? फी ही नाव वापरण्याच्या हक्काची आणि सेवेची किंमत. तिच्यावर जीएसटी लागतो. अनामत ही मुळात आपलीच रक्कम, हमी म्हणून दुसऱ्याकडे ठेवलेली. कंपनी ती किंमत म्हणून वळती करून घेत नाही तोवर जीएसटी कायदा तिला मोबदला मानत नाही. म्हणून कंपनीने अनामतीवरही कर लावून बिल दिलं असेल, तर उद्या ‘ही फीच होती’ असं म्हणायला तिला जागा मिळते. पैसे भरतानाच हे दुरुस्त करून घेणं सोपं असतं. नंतर त्यावरून तारखा पडत राहतात.

आता मुख्य प्रश्न, करार आधी कोणी मोडला? करार कायद्याचं 54 वं कलम इथे उपयोगी पडतं. दोघांनी एकमेकांना वचनं दिली असतील आणि एकाने आपलं वचन पाळल्याशिवाय दुसऱ्याचं पाळताच येत नसेल, तर पहिल्याने चूक केल्यावर तो दुसऱ्याकडे बोट दाखवू शकत नाही. उलट नुकसानभरपाई त्यानेच द्यायची. कंपनीचा माल आलाच नाही, तर फक्त कंपनीचाच माल वापरण्याची अट पाळायची कशी? साताऱ्याच्या तरुणाची बाजू इथे भक्कम आहे.

पण तो एका ठिकाणी घसरला. त्याने पावडर आणली ती गुपचूप. सगळं फोनवर बोलला, लेखी काही कळवलं नाही, आणि रॉयल्टी मात्र चारही महिने निमूट भरली. 39 वं कलम म्हणतं, समोरच्याने करार पाळायला नकार दिला तर आपण करार संपवू शकतो, मात्र तो पुढे चालू राहायला आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने संमती दिलेली नसावी. निमूट भरलेली रॉयल्टी अशा संमतीसारखी दिसते. त्याने पहिल्या आठवड्यातच एक ई-मेल पाठवायला हवा होता: अमुक तारखेला मागणी नोंदवली, माल आला नाही, दुकान चालू ठेवण्यासाठी नाइलाजाने बाहेरून घेतो आहे, रॉयल्टी हक्क राखून भरतो आहे. चार ओळींच्या या मजकुराने कंपनीच्या जप्तीच्या कारणातला अर्धा जीव गेला असता.

त्यानंतरची पायरी नोटिशीची. करारातलं कलम, चुकलेल्या तारखा आणि प्रशिक्षण व पुरवठा सुरू करण्यासाठी पंधरा दिवसांची किंवा करारात असेल ती मुदत, एवढं तीत हवं. मुदत टळली की करार संपवल्याचं दुसरं पत्र पाठवायचं. आधी कुलूप लावून मग नोटीस पाठवणारे पुष्कळ भेटतात. करार त्यांनीच मोडला असं म्हणणं मग कंपनीला फार सोपं जातं.

तरुणाची थोडी चूक धरली, तरी अनामत जप्त करता येते का? इथे सर्वोच्च न्यायालयाचा 1969 चा मौला बक्ष खटला आठवतो. या कंत्राटदाराने लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासळी पुरवण्याची दोन कंत्राटं घेतली होती आणि 10,000 व 8,500 रुपये अनामत भरली होती. पुरवठ्यात तो कमी पडला, सरकारने कंत्राटं रद्द करून अनामत जप्त केली. चूक कंत्राटदाराची होती, तरीही न्यायालयाने जप्ती मान्य केली नाही. सौदा पक्का करण्यासाठी दिलेला इसार वेगळा आणि हमीची अनामत वेगळी. नुकसान मोजता येण्याजोगं असेल तर ते सिद्ध करा, असं न्यायालयाने सांगितलं, आणि सरकारला ते सिद्ध करता आलं नव्हतं. 2015 च्या कैलाश नाथ असोसिएट्स प्रकरणातही न्यायालयाने हेच धोरण ठेवलं: नुकसान झालंच नसेल तर 74 व्या कलमाखाली भरपाई नाही. करारात ‘ना-परतावा’ छापलं म्हणून विषय संपत नाही, हे कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींनाही सहसा ठाऊक नसतं.

फीचं तसं नाही. ती बहुधा पूर्ण परत मिळत नाही, कारण चार महिने नाव वापरलेलं असतं. न दिलेल्या प्रशिक्षणापोटी भरपाई मागता येते. प्रशिक्षक कधी नव्हतेच आणि कंपनी सुरुवातीपासून खोटं बोलली, हे दाखवता आलं तर करारच रद्द मागता येतो. मग फीसुद्धा मागता येते, पण आपल्याला मिळालेला लाभही परत करावा लागतो.

हिशेब मांडू या. अनामत दोन लाख, चार महिन्यांचं भाडं ऐंशी हजार, शिवाय प्रशिक्षणापोटी पन्नास हजार धरले तर दावा तीन लाख तीस हजारांचा होतो. दुकान काही दिवस चाललं असल्याने भाड्याची सगळी रक्कम मंजूर होईलच असं नाही. पण फ्रँचायझी करारातला तीन लाखांचा किंवा त्यावरचा वाद व्यावसायिक न्यायालय कायद्याखाली येतो, आणि तिथे तातडीचा आदेश नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते. ती टाळून केलेला दावा दारातच फेटाळला जाऊ शकतो. करारात लवादाचं कलम असेल तर वाट बदलते, मात्र कंपनीच्या संचालकाने एकट्याने लवाद नेमायचा ही अट 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर टिकत नाही. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करून पैसे लवकर सुटतील, ही आशा बहुधा फोल ठरते. करार मोडणं आणि सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू असणं, यात न्यायालयं फरक करतात.

तडजोड झालीच, तर ‘कोणतंही येणं बाकी नाही’ या कागदावर पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय सही करू नका. आणि बोलणी कितीही गोडीत चालू असली तरी कॅलेंडर बघत राहा: करारभंगाच्या दाव्याची मुदत भंग झाल्यापासून तीन वर्षांची आहे, आणि नुसत्या तोंडी आश्वासनांनी ती वाढत नाही.