शिक्षकांच्या भेटीची वेळ : सूचना आणि बुकिंग

‘शंका असल्यास बुधवारी भेटावे’ एवढ्याच सूचनेवर एखाद्या आठवड्यात स्टाफरूमच्या दाराशी दहा जण उभे राहतात, तर एखाद्या आठवड्यात कोणीच फिरकत नाही. म्हणून अनेक शिक्षक भेटीच्या तासाचे छोटे स्लॉट पाडतात आणि ते विद्यार्थ्यांना आधी राखून ठेवायला सांगतात. सूचनेत वार व तारीख, ठिकाण, स्लॉटची लांबी, बुकिंग कधी सुरू आणि कधी बंद होणार, आणि रद्द कसे करायचे, इतके स्पष्ट हवे.

समजा, संख्याशास्त्राच्या शिक्षकाकडे बुधवारी दुपारी २ ते ४ हा वेळ मोकळा आहे. १५ मिनिटांची भेट आणि मध्ये ५ मिनिटांची फट धरली, तर दोन तासांत सहा भेटी बसतात. फट न ठेवल्यास पहिली भेट लांबली की पुढच्या सगळ्या घसरत जातात. सहापैकी पाच स्लॉट बुकिंगला द्यावेत आणि ३:४० चा शेवटचा ऐनवेळी येणाऱ्यांसाठी ठेवावा. अशी सूचना पुढीलप्रमाणे लिहिता येते :

‘बुधवारी दुपारी २ ते ४, स्टाफरूम, दुसरा मजला. बुकिंग शुक्रवारी संध्याकाळी ६ पासून मंगळवारी संध्याकाळी ६ पर्यंत. एका विद्यार्थ्याला आठवड्यात एकच स्लॉट. ३:४० नंतर बुकिंगशिवाय यावे.’

गूगल कॅलेंडरसारख्या साधनात भेटीची लांबी, मधली फट आणि बुकिंगची मुदत आधीच ठरवता येते. एकाने घेतलेला स्लॉट इतरांना दिसेनासा होतो, त्यामुळे दोघांना एकच वेळ मिळत नाही. कागदी तक्ता लावला तरी चालतो. मात्र तो वर्ग सुटताना लावला, तर मागच्या बाकांवरच्यांच्या हाती काही उरत नाही.

स्लॉट घेताना विद्यार्थ्याने नाव, तुकडी आणि नेमकी अडचण लिहावी. ‘प्रॉबेबिलिटी समजली नाही’ यावरून शिक्षकाला तयारी करता येत नाही. ‘स्वाध्याय ४, उदाहरण ७ : सशर्त संभाव्यतेत छेदात काय घ्यायचे?’ असे लिहिले, तर १५ मिनिटे पुरतात. एकच उदाहरण अडलेल्या तिघांनी मिळून एकच स्लॉट घ्यावा. उदाहरण सोडवण्याचा अर्धवट प्रयत्न असलेली वही सोबत असावी, कारण चूक कोणत्या पायरीवर झाली ते त्यातच दिसते.

येणे जमणार नसेल, तर बुकिंग वेळेत रद्द करावे, म्हणजे तो स्लॉट दुसऱ्याला मिळतो. नुसता निरोप पाठवून तो मोकळा होत नाही. न कळवता दोनदा गैरहजर राहिल्यास पुढच्या आठवड्यात फक्त बिनबुकिंगच्या वेळेत यावे, असा नियम सूचनेतच असला की वाद होत नाहीत.

काही आठवडे एकाच तुकडीची नावे दिसत राहिली, तर दुसऱ्या तुकडीचे प्रॅक्टिकल त्याच वेळी आहे का, हे वेळापत्रकात पाहावे आणि वार बदलावा. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात स्लॉट काही मिनिटांत संपत असतील, तर भेटी १० मिनिटांच्या कराव्यात किंवा सर्वांसाठी एक सामाईक शंकातास ठेवावा.