उताराची जमीन, तीन सावल्या

डोंगरउतारावर तीन खुंट्या ठोकल्या आहेत. मोजणीयंत्राने प्रत्येकीचे तीन आकडे दिले: पूर्वेकडचे अंतर, उत्तरेकडचे अंतर आणि उंची, सगळे मीटरमध्ये. अ (१००, २००, ६५०), ब (१३०, २००, ६४०) आणि क (१००, २२०, ६४०). या त्रिकोणाचे क्षेत्रफळ किती?

पाया गुणिले उंची भागिले दोन हे सूत्र इथे अडते, कारण तिरक्या त्रिकोणाची लंबउंची कुठेच लिहिलेली नसते. म्हणून आधी अ पासून निघणाऱ्या दोन बाजू वजाबाकीने काढायच्या. अब होते (३०, ०, −१०) आणि अक होते (०, २०, −१०). आता त्यांचा सदिश गुणाकार, म्हणजे क्रॉस प्रॉडक्ट, करायचा:

पहिला घटक: ०×(−१०) − (−१०)×२० = २००
दुसरा घटक: (−१०)×० − ३०×(−१०) = ३००
तिसरा घटक: ३०×२० − ०×० = ६००

या सदिशाची लांबी म्हणजे तिन्ही घटकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, ७००. दोन्ही बाजूंवर उभ्या राहणाऱ्या समांतरभुज चौकोनाचे हे क्षेत्रफळ. त्रिकोण त्याच्या निम्मा, म्हणून उत्तर ३५० चौरस मीटर.

मला यातले खरे सौंदर्य त्या तीन घटकांत दिसते. त्यांची निम्मी करा: १००, १५० आणि ३००. त्रिकोणावर तिन्ही दिशांनी सरळ प्रकाश टाकला, तर दोन उभ्या भिंतींवर आणि जमिनीवर पडणाऱ्या सावल्यांची ही क्षेत्रफळे आहेत. तिघांच्या वर्गांची बेरीज १,२२,५००, म्हणजे नेमका ३५० चा वर्ग. पायथागोरसचा नियम इथे लांबीऐवजी क्षेत्रफळांना लागू होतो. काटकोनी कोपऱ्याच्या चौफलकासाठी हेच नाते फ्रेंच गणिती द ग्वा यांनी १७८३ मध्ये मांडले होते.

जमिनीवरची ३०० चौरस मीटरची सावली हेच नकाशावरचे क्षेत्र. भूमापनात आडवी अंतरे धरतात, त्यामुळे सातबाऱ्यावर अशा तुकड्याचे तीन आरच लागतील. पण उतारावर गवताचे आच्छादन अंथरायचे असेल, तर साडेतीन आरांचे लागेल.

वजाबाकी न करता थेट खुंट्यांच्याच आकड्यांचा गुणाकार केला, तर अ, ब आणि दूरचा आरंभबिंदू यांच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ हाती येते. उत्तर बरोबर आहे का, हे पाहायला आलेला सदिश बाजूंशी लंब आहे का ते तपासावे. अबसाठी २००×३० + ३००×० + ६००×(−१०) = ०; अकसाठीही शून्यच येते. मात्र अक्षांश-रेखांश अंशांत आणि उंची मीटरमध्ये दिली, तर ही तपासणी बिनतक्रार पार पडते आणि क्षेत्रफळ निरर्थक निघते. एकक आधीच एक करावे लागते.

मोठा डोंगर असा असंख्य त्रिकोणांत तोडून मोजतात. तिथे उंचीतल्या बारीक चुका घात करतात. सपाट मैदानावर एका खुंटीची उंची चुकून जास्त आली काय किंवा कमी आली काय, भिंतीवरच्या सावल्यांचा वर्ग होत असल्याने दोन्ही चुका क्षेत्रफळ वाढवतातच. त्या एकमेकींना खोडत नाहीत, आणि त्रिकोण जितके लहान करावेत तितकी ही वाढ ठळक होते.